आवाज डाव्याच कानात का? जयगडच्या एका मुलाखतीची दुरुस्ती

जयगडच्या एका आजोबांची मुलाखत मी जूनच्या मासेमारी बंदीत घेतली. तेव्हा होड्या किनाऱ्यावर ओढलेल्या असतात आणि माणसांना बोलायला सवड असते. रापण कशी ओढायची, भांगाच्या दिवसांत जाळं कुठं टाकायचं, मतलई वारा कसा ओळखायचा, असं दीड तास बोलणं झालं. घरच्यांना फाइल पाठवली. दुसऱ्या दिवशी नातवाचा फोन: "दादा, आजोबांचा आवाज फक्त डाव्या कानात येतोय. माझा हेडफोन बिघडलाय की तुमची फाइल?"

हेडफोन ठीक होता, फाइलच तशी होती. मी मात्र रोज संध्याकाळी खोलीवर ब्लूटूथ स्पीकरवर ऐकत होतो. तो स्पीकर दोन्ही चॅनल एकत्र करून वाजवतो, म्हणून आठवडाभर मला काही कळलंच नाही. पुढं ही फाइल दुरुस्त करताना मी दुसरी चूक केली आणि ती पहिलीपेक्षा वाईट निघाली. क्षेत्रकामाला निघणाऱ्यांसाठी दोन्ही चुका सविस्तर लिहितो.

उजवा चॅनल गेला कुठं?

स्टिरिओ फाइल म्हणजे एकाच फाइलमध्ये शेजारी शेजारी ठेवलेली दोन स्वतंत्र ध्वनिमुद्रणं. पहिलं डाव्या स्पीकरला जातं, दुसरं उजव्याला. मोनो फाइलमध्ये एकच असतं आणि वाजवणारं यंत्र तेच दोन्हीकडे पाठवतं. म्हणजे मोनो फाइल साधारणपणे दोन्ही कानांत ऐकू येते. एकाच कानात ऐकू येते ती बहुतेक वेळा अर्धी रिकामी स्टिरिओ फाइल.

माझ्या बाबतीत कारण पिनमध्ये होतं. रेकॉर्डरच्या स्टिरिओ सॉकेटमध्ये तीन स्पर्श असतात: पिनच्या टोकाला डावा, मधल्या कड्याला उजवा आणि मागच्या नळीला ग्राउंड. माझ्या कॉलर माइकची पिन मोनो होती, तिला मधलं कडंच नव्हतं. त्यामुळे उजव्या चॅनलचा स्पर्श थेट ग्राउंडला टेकला आणि दीड तास तिथं शांतता नोंदली गेली. दोन वेगळी इनपुट असलेल्या रेकॉर्डरमध्ये एकच माइक पहिल्या इनपुटला लावून मोड स्टिरिओ ठेवला, तरी हेच होतं.

खात्री करायला हेडफोन उलटा घालून ऐका. आवाज आता उजव्या कानात आला, तर हेडफोनचा तोच तुकडा चालू आहे एवढंच कळतं, दोष फाइलचा की हेडफोनचा हे ठरत नाही. त्यापेक्षा फाइल ऑडॅसिटीत किंवा प्रातमध्ये उघडा. वरच्या पट्टीत लाटा आणि खालच्या पट्टीत सरळ रेघ दिसली, की दोष फाइलमध्येच आहे. फाइलचा तपशील असा मिळतो:

```
ffprobe -hide_banner jaigad_02.wav
```

माझ्याकडे `pcm_s24le, 48000 Hz, 2 channels` असं आलं. म्हणजे २४ बिट, सेकंदाला ४८,००० नमुने, दोन चॅनल. हे तिन्ही आकडे वहीत लिहून ठेवा, पुढं लागतील.

मोनो करायच्या दोन रीती, आणि त्यांतला फरक

प्रातमध्ये `Convert to mono` समोरच दिसतं आणि हात तिकडेच जातो. पण ते दोन्ही चॅनलची सरासरी काढतं. डावीकडे आवाज आणि उजवीकडे शून्य असेल, तर सरासरी म्हणजे अर्धा आवाज. पातळी ६ डेसिबलने खाली येते. ऐकताना हे फारसं जाणवणार नाही. पण तुमच्या संग्रहातल्या काही फाइली अशा अर्ध्या झाल्या आणि काही झाल्या नाहीत, तर एका वक्त्याच्या आवाजाची तीव्रता दुसऱ्याशी तुम्ही ताडून पाहाल कशी?

योग्य रीत म्हणजे भरलेला चॅनल तेवढा उचलणं. प्रातमध्ये `Extract one channel...` घेऊन `1` द्या. ऑडॅसिटीत ट्रॅकच्या मेनूतून `Split Stereo to Mono` करा आणि खालची रिकामी पट्टी काढून टाका. बऱ्याच फाइली असतील तर ही एक ओळ पुरते:

```
ffmpeg -i jaigad_02.wav -af "pan=mono|c0=c0" -c:a pcm_s24le jaigad_02_mono.wav
```

`c0=c0` म्हणजे नव्या फाइलचा पहिला चॅनल हा जुन्या फाइलचा पहिला, म्हणजे डावा, चॅनल. शेवटचं `pcm_s24le` गाळू नका. ते नसेल तर WAV लिहिताना ffmpeg गुपचूप १६ बिटवर येतं. मूळ फाइलला हात लावायचा नाही, नव्या नावानंच साठवायची, हे वेगळं सांगायला नको.

उजवा चॅनल खरंच रिकामा आहे ना, हेही आधी बघा. कधी डावीकडे कॉलर माइक असतो आणि उजवीकडे दूर ठेवलेल्या रेकॉर्डरचा स्वतःचा माइक. दोघांत १.७ मीटरचं अंतर असेल, तर दुसऱ्या माइकवर आवाज सुमारे ५ मिलिसेकंद उशिरा पोचतो. अशा दोन चॅनलची सरासरी काढली, तर १०० हर्ट्झ, ३०० हर्ट्झ, ५०० हर्ट्झ अशा ठिकाणी दोन लाटा एकमेकींना कापतात आणि आवाज डब्यातून आल्यासारखा होतो. इथंसुद्धा एकच चॅनल उचलणं हेच बरोबर.

दुसरी चूक: लेबल बदललं, माल तोच

दुसऱ्या भेटीत रेकॉर्डरची बॅटरी संपली, म्हणून दहा मिनिटांची शब्दयादी फोनवर घेतली. ती फाइल ४४,१०० हर्ट्झची मोनो होती. (४४,१०० हा आकडा सीडीचा. सुरुवातीला डिजिटल आवाज व्हिडिओ टेपवर साठवत, त्या हिशेबातून तो आला. ४८,००० हा व्हिडिओच्या जगातला.) मला दोन्ही फाइली जोडून एक करायची होती. प्रातने नकार दिला: सॅम्पलिंग दर सारखे नाहीत.

मेनूत `Override sampling frequency...` सापडलं. तिथं 48000 टाकलं, फाइली जोडल्या गेल्या आणि मी खूश झालो.

या आज्ञेनं नमुन्यांना हातच लागत नाही. ती फक्त लेबल बदलते: हे नमुने सेकंदाला ४४,१०० नव्हते, ४८,००० होते असं समज. म्हणून तेच नमुने लवकर संपतात. ४८,००० भागिले ४४,१०० म्हणजे १.०८८४. दहा मिनिटांची शब्दयादी ९ मिनिटं ११ सेकंदांची झाली आणि तिच्यातली प्रत्येक वारंवारता जवळजवळ ९ टक्क्यांनी वर सरकली. आवाज चिपमंकसारखा झाला असता तर लगेच कळलं असतं. पण हा फरक दीड अर्धस्वराएवढाच. आजोबा जरा उत्साहात बोलतायत, असं वाटलं.

मग मी स्वर मोजले. गप्पांमधल्या 'आ'चा पहिला फॉर्मंट साधारण ७०० हर्ट्झ, शब्दयादीतल्या 'आ'चा ७६२. पहिला फॉर्मंट वर म्हणजे तोंड जास्त उघडलेलं. यादी वाचताना माणूस सावकाश, स्पष्ट बोलतो, म्हणून स्वर जास्त विवृत येतो, हे तर अपेक्षितच. मी तसा परिच्छेदही लिहून टाकला. निष्कर्ष पटण्यासारखा होता, म्हणूनच तो मी तपासला नाही.

पकडलं कशानं? फ्रिजनं

शब्दयादी स्वयंपाकघराच्या दाराशी घेतली होती. मागं फ्रिजची गुणगुण होती. जयगडला औष्णिक वीजप्रकल्प शेजारीच असला, तरी तिथली वीजही देशाच्या ग्रिडच्याच तालावर चालते, आणि तो ताल ४९.९० ते ५०.०५ हर्ट्झच्या पट्ट्यात राखला जातो. म्हणजे भारतात घरात केलेल्या बहुतेक ध्वनिमुद्रणांत एक घड्याळ फुकट मिळतं. फोन खालच्या वारंवारता कापतात, त्यामुळे ५० हर्ट्झ दिसेलच असं नाही, पण गुणगुणीचे १०० आणि २०० हर्ट्झचे पट सहसा उरतात.

कोणी बोलत नसलेला पाच सेकंदांचा तुकडा निवडा, तो वेगळा काढा आणि `To Spectrum...` चालवा. पाच सेकंदांच्या तुकड्यात ०.२ हर्ट्झपर्यंतचा फरक दिसतो. माझ्या जोडलेल्या फाइलमध्ये सुळका १०० ऐवजी १०८.८ वर होता, पुढचा २१७.७ वर. ग्रिड एवढी हलत नाही. म्हणजे लेबल खोटं होतं.

गुणगुण नसेल तर आणखी एक खूण आहे. तोंड खरंच जास्त उघडलं, तर पहिला फॉर्मंट वर जातो, पण बाकीचे त्याच पटीत वर जात नाहीत. माझ्याकडे पहिला ७०० चा ७६२, तिसरा २५०० चा २७२१ आणि मूळ स्वराची उंची १३० ची १४१.५ झाली होती. सगळीकडे तोच १.०८८ चा गुणक. सगळं एकाच पटीत बदललं, की आधी फाइलचं लेबल तपासा, बोलणाऱ्याचं तोंड नंतर.

मग करायचं काय?

दर खरंच बदलायचा असेल, तर `Resample...` वापरा. ते जुन्या नमुन्यांवरून नव्या जागी किती मूल्य असतं हे मोजून काढतं, त्यामुळे कालावधी आणि वारंवारता तशाच राहतात. नंतर कालावधी बघा: दहा मिनिटं दहाच राहिली पाहिजेत. ४४,१०० चे ४८,००० केल्यानं आवाजात नवं काही येत नाही. २२,०५० हर्ट्झच्या वरचं जे मुळात नोंदलंच नव्हतं, ते नव्या फाइलमध्येही नसणार.

ऑडॅसिटीतही हाच सापळा आहे: ट्रॅकच्या मेनूतलं `Rate` फक्त लेबल बदलतं, `Tracks` मधलं `Resample` खरं रूपांतर करतं.

लेबल आधीच बिघडलेलं असेल आणि मूळ फाइल हरवली असेल, तरी घाबरू नका. नमुने शाबूत असतात. `Override` मध्ये खरा दर, म्हणजे इथं 44100, परत दिला की फाइल जागेवर येते. मात्र चुकीच्या लेबलावरच कोणी पुढं `Resample` केलं असेल, तर आधी तो हिशेब उलगडावा लागतो. म्हणून प्रत्येक फाइलवर काय केलं, ते क्रमानं लिहून ठेवा.

माझ्या कामात तर फाइली जोडायची गरजच नव्हती. फॉर्मंट काढताना प्रात स्वतःच आवाज हव्या त्या दरावर आणतं. दोन्ही फाइली वेगळ्या ठेवून मोजल्या आणि आकडे एका तक्त्यात आणले. शब्दयादीतला 'आ' आता ७०० च्या आसपास आहे. विवृत स्वरांवरचा तो परिच्छेद खोडला.

आता जयगडला गेलो, की पहिल्या दहा सेकंदांत तारेच्या हेडफोननं दोन्ही कानांनी ऐकतो, आणि मगच आजोबांना म्हणतो, "हां, आता सांगा."