१६ च्या जागी १६.१८

साखर कारखान्याच्या बॉयलरवर दाब ‘किलो’मध्ये मोजतात. किलो म्हणजे दर चौरस सेंटिमीटरवर एक किलोग्रॅम वजनाचा भार. मुख्य स्टीम हेडरवर ४५ किलो दाब असेल, तर कंट्रोल रूममधल्या माणसाला तो आकडा स्क्रीनवर दिसतो, आणि तो तिथवर पोचवतो प्रेशर ट्रान्समीटर. त्याच्या तोंडाशी पातळ धातूचा पडदा असतो, पडद्यामागे तेल आणि तेलामागे सेन्सर. पडद्यावरचा दाब तेलातून सेन्सरपर्यंत जातो आणि तारेतून ४ ते २० मिलिअँपिअरचा प्रवाह बाहेर पडतो. आपल्या उदाहरणातल्या ट्रान्समीटरची रेंज ० ते ६० किलो आहे. शून्य दाबाला ४, साठ किलोला २०, आणि पंचेचाळीसला बरोबर १६ मिलिअँपिअर.

वर्षानुवर्षं तापत-निवत काम केल्यावर हा हिशेब हळूहळू ढळतो. इन्स्ट्रुमेंटवाले त्याला ‘ड्रिफ्ट’ म्हणतात. मग व्हेंडरला पत्र जातं, आणि ते बहुतेकदा एका ओळीचं असतं: ट्रान्समीटर चुकीचं दाखवतो, कॅलिब्रेट करून द्यावा. असं पत्र माझ्या मते न लिहिलेलं बरं. चूक ट्रान्समीटरमध्ये आहे की त्याच्या आजूबाजूला, हे त्यावरून व्हेंडरला कळूच शकत नाही. तो झिरो बसवून, सर्टिफिकेट जोडून वस्तू परत पाठवतो आणि हंगामात तीच तक्रार पुन्हा उभी राहते. एका जाणत्या टेक्निशियनने हेच पत्र कसं लिहावं, याचा नमुना पाहू.

“सप्रेम नमस्कार. आमच्या मुख्य स्टीम हेडरवरचा ट्रान्समीटर, टॅग पीटी-१०४, आपल्याकडे पाठवत आहोत. गाळप बंद झाल्यावर तो लाइनवरून काढून हँडपंप आणि डिजिटल टेस्ट गेजवर तपासला. ०, १५, ३०, ४५ आणि ६० किलोला ४.००, ८.०६, १२.१२, १६.१८ आणि २०.२४ मिलिअँपिअर मिळाले. दाब उतरवतानाही हेच आकडे आले. तपासणीआधी झिरो, स्पॅन किंवा रेंज यांपैकी कशालाही हात लावलेला नाही.”

पत्राचा सगळा जीव या पाच आकड्यांत आहे. शून्यावर चूक नाही. पुढे दर टप्प्याला ती ०.०६ ने वाढत जाते. म्हणजे झिरो जागेवर आहे, ढळला आहे तो स्पॅन. दर मिलिअँपिअरला ३.७५ किलो धरले, तर हेडरवर ४५ किलो असताना स्क्रीनवर जवळजवळ ४५.७ दिसतात आणि ६० ला ६०.९. टेक्निशियनने नेहमीप्रमाणे व्हेंट उघडून फक्त झिरो पाहिला असता, तर ४.०० बघून तो समाधानाने परत फिरला असता. पाचही ठिकाणी जर सारखीच ०.०८ ची चूक आली असती, तर दुखणं झिरोचं ठरलं असतं आणि कारखान्यातच पाच मिनिटांत दुरुस्त झालं असतं.

“हात लावलेला नाही” हे वाक्य तितकंच मोलाचं आहे. पाळीवर आकडा जास्त दिसतोय म्हटल्यावर कुणीतरी कम्युनिकेटर लावतो आणि वरची रेंज ६० वरून ६०.९ करतो. स्क्रीन लगेच बरोबर दिसू लागते, पण सेन्सर तसाच चुकतो. चुकीवर फक्त पट्टी फिरवली जाते. असा ट्रान्समीटर व्हेंडरकडे गेला की त्याला मूळ चूकही सापडत नाही आणि ६०.९ ही विचित्र रेंज कुठून आली हेही कळत नाही. रेंज बदलणं आणि कॅलिब्रेट करणं ही दोन वेगळी कामं आहेत.

“कम्युनिकेटरवर ट्रान्समीटरचं स्वतःचं वाचन आणि मीटरवर मोजलेला प्रवाह दोन्ही जुळतात. ४५ किलोला कम्युनिकेटर ४५.६८ दाखवतो आणि प्रवाह १६.१८ येतो. टर्मिनलवर व्होल्टेज पुरेसं आहे.”

या तीन वाक्यांनी केबल, पॉवर सप्लाय आणि कंट्रोल रूममधलं कार्ड यांच्यावरचा संशय मिटतो. कम्युनिकेटरवर ४५.०० आणि तारेत १६.१८ असं दिसलं असतं, तर दोष दाबाचा आकडा प्रवाहात बदलणाऱ्या भागाचा ठरला असता. इथे आतला आकडाच चुकीचा आहे, म्हणजे दुरुस्ती सेन्सरकडे हवी.

एक शंका तरीही उरते. वाफेच्या लाइनवर ट्रान्समीटर खाली बसवतात आणि जोडनळीत पाणी भरून ठेवतात, म्हणजे गरम वाफ थेट पडद्यावर येत नाही. तीन मीटर उंचीचा पाण्याचा स्तंभ ०.३ किलोची भर घालतो. पण ती भर कुठल्याही दाबाला तेवढीच राहते, दाबाबरोबर वाढत नाही. शिवाय हँडपंपावर ती नळी नव्हतीच. पत्रात हेही एका ओळीत आलं, की व्हेंडरचा पहिला फोन वाचतो.

“ऑक्टोबरमधल्या सर्टिफिकेटात ४५ किलोला १६.०२ होते. जानेवारीत आमच्याकडे १६.०९ आले, आता १६.१८.”

वाढ सावकाश, एकाच दिशेने झालेली आहे. पाण्याच्या ठोक्याने किंवा जादा दाबाने पडदा दुखावला असता, तर आकडा बहुधा एका दिवसात उडी मारून बसला असता. सावकाश ढळणाऱ्या सेन्सरला नुसतं सरळ करून उपयोग नाही, तो का ढळतोय हे पाहावं लागतं. म्हणून पत्रात पुढे मागणी येते: “आधी आल्या स्थितीतली वाचनं घ्यावीत, मग दुरुस्ती करून नंतरची. सेल खराब होत असेल तर कॅलिब्रेशन न करता कळवावं.”

वाचकाला साहजिकच वाटेल, चूक इतकी नेमकी कळली तर कारखान्यातच का नाही दुरुस्त करायची? अडचण गेजची आहे. तो १०० किलोचा आणि ०.१ टक्क्याचा, म्हणजे ०.१ किलोपर्यंत भरवशाचा. ०.९ किलोची चूक धरायला तो पुरेसा आहे. पण ट्रान्समीटरची हमी ०.०७५ टक्के असेल, तर साठ किलोवर ती फक्त ०.०४५ किलो होते. दुरुस्तीसाठी प्रमाण म्हणून वापरायचं साधन निदान चौपट अचूक असावं, असा या कामातला दंडक आहे, आणि इथे गेज ट्रान्समीटरपेक्षाही ढोबळ आहे.

त्यासाठी लॅबमधला डेड वेट टेस्टर लागतो. त्यात ठरावीक क्षेत्रफळाच्या पिस्टनवर वजनं ठेवून दाब तयार करतात. वजन म्हणजे गुरुत्वाकर्षण आलंच. किलो या एककात प्रमाण गुरुत्व ९.८०६६५ धरलेलं आहे, तर पुणे-मुंबईकडे ते सुमारे ९.७९ आहे. हा फरक जवळपास ०.२ टक्क्याचा आहे, म्हणजे ट्रान्समीटरच्या सगळ्या हमीपेक्षा मोठा. दुरुस्त्या गृहीत धरल्या नाहीत, तर महागड्या टेस्टरवरूनही चुकीचं सर्टिफिकेट निघतं. म्हणून शेवटची विनंती: “सर्टिफिकेट एनएबीएल मान्यताप्राप्त लॅबचं असावं, त्यावर स्थानिक गुरुत्वाची दुरुस्ती केल्याची नोंद असावी आणि आधीची व नंतरची पाचही वाचनं द्यावीत. बॉयलर पेटण्यापूर्वी पंधरा दिवस वस्तू आमच्याकडे पोचावी.”

ते पंधरा दिवस लागतात. ट्रान्समीटर लॅबमध्ये ज्या स्थितीत उभा होता, त्यापेक्षा लाइनवर थोडा कलता बसला तरी पडद्यामागच्या तेलाच्या वजनाने झिरो किंचित सरकतो. त्यामुळे जागेवर घट्ट बसवून, व्हेंट उघडून एकदा झिरो ट्रिम करावा लागतो. तो व्हेंडरने नव्हे, टेक्निशियननेच करायचा असतो.