पोर्टलवर नोंदणी अडली. पत्र कोणाला, कसे?

अमेरिकेतील विद्यापीठात प्रवेश मिळाला, व्हिसा झाला, विमानाचे तिकीट हाती आले, की घरच्या मंडळींना वाटते, आता गंगेत घोडे न्हाले. प्रत्यक्षात एक काम शिल्लक असते आणि ते विद्यार्थ्याला स्वतःच करावे लागते. ते म्हणजे सत्रात कोणकोणते विषय घ्यायचे, त्यांची विद्यापीठाच्या पोर्टलवर नोंदणी. हे काम वरवर किरकोळ दिसते. परंतु एफ-१ व्हिसावर शिकणाऱ्याला प्रत्येक नियमित सत्रात पूर्णवेळ विद्यार्थी असणे बंधनकारक आहे. सत्रपद्धतीत पदवीच्या विद्यार्थ्याला त्यासाठी किमान १२ श्रेयांक लागतात. पदव्युत्तर विद्यार्थ्यांची मर्यादा विद्यापीठ ठरवते आणि पुष्कळ ठिकाणी ती ९ श्रेयांकांची असते. अभ्यासक्रम सुरू होण्याच्या तारखेपासून ३० दिवसांच्या आत विद्यापीठाला नव्या विद्यार्थ्याची नोंद ‘सेव्हिस’ या सरकारी प्रणालीत करावी लागते. त्यामुळे तीनपैकी एक विषय पोर्टलने नाकारला, तर प्रश्न केवळ आवडीच्या विषयाचा राहत नाही. व्हिसाच्या अटीचाही होतो.

अशा वेळी विद्यार्थी घाईघाईने ‘पोर्टल चालत नाही, कृपया मदत करा’ असा ई-मेल पाठवतात, सोबत पडद्याचे चित्र, म्हणजे स्क्रीनशॉट, जोडतात आणि उत्तराची वाट पाहत बसतात. उत्तर येते ते बहुधा ‘आपण संबंधित विभागाशी संपर्क साधावा’ असे. चूक नम्रतेची नसते. पडद्यावरचा संदेश नीट वाचलेला नसतो, ही असते.

अमेरिकेतील अनेक विद्यापीठे नोंदणीसाठी ‘बॅनर’ ही संगणकप्रणाली वापरतात. तिच्यात प्रत्येक वर्गाला पाच अंकी क्रमांक असतो, त्याला ‘सीआरएन’ म्हणतात. हा क्रमांक देऊन विषय मागितला आणि तो नाकारला गेला, तर पडद्यावर त्या विषयापुढे `Errors Preventing Registration` अशी अक्षरे उमटतात आणि नेमके कारण वेगळ्या ओळीत येते. ती ओळ महत्त्वाची. तेथे `Closed Section` असेल, तर वर्ग भरला आहे. `Time Ticket` हे शब्द असतील, तर नोंदणीची वेळ अजून नेमून दिलेली नाही किंवा ती सुरू झालेली नाही, आणि हा प्रश्न कुलसचिव कार्यालयाचा, म्हणजे तिकडच्या रजिस्ट्रारचा. `Hold` असेल, तर कोणत्या तरी खात्याने नोंदणी रोखून धरली आहे. लसीकरणाचा दाखला आरोग्य केंद्राला हवा असेल, शुल्क लेखा कार्यालयाला हवे असेल किंवा व्हिसाची कागदपत्रे आंतरराष्ट्रीय विद्यार्थी कार्यालयाला दाखवायची राहिली असतील. ज्याने अडवले त्यानेच सोडवायचे, असा तेथला रिवाज आहे. पोर्टल जरी रजिस्ट्रारच्या अखत्यारीत असले, तरी लेखा कार्यालयाने घातलेली अडवणूक रजिस्ट्रार आपल्या अधिकारात सहसा उठवत नाही.

खरा तांत्रिक बिघाड याहून वेगळा दिसतो. पान कोरे राहते, `500 Internal Server Error` असे काही येते किंवा मध्येच लॉगिन तुटते. दुसऱ्या ब्राउझरमधून प्रयत्न केल्यावर अडचण नाहीशी झाली, तर दोष संगणकाचा. दोन्हीकडे शब्दशः तोच संदेश येत असेल, तर बहुतेक वेळा पोर्टल बिघडलेले नसते; ते एखादा नियम पाळत असते. हा फरक कळला, की पत्र संगणक साहाय्य कक्षाला लिहायचे की विभागाला, हे आपोआप ठरते.

भारतीय विद्यार्थ्यांना हमखास भेटणारा संदेश म्हणजे `Prerequisite and Test Score error`. पुण्यातून सांख्यिकीची पदवी घेतलेल्या एका विद्यार्थिनीची कल्पना करू. तिला तीन विषय मिळून ९ श्रेयांक हवेत. दोन विषय मिळाले, म्हणजे ६ श्रेयांक झाले. तिसरा विषय `STAT 520`, त्याचा सीआरएन `41873`. तो मागताच हा संदेश आला. या विषयाआधी संभाव्यताशास्त्र आणि रेषीय बीजगणित झालेले असावे, अशी अट आहे. तिने पदवीच्या तीन वर्षांत दोन्ही शिकलेले आहेत आणि प्रवेशाच्या वेळी गुणपत्रिकाही पाठवलेल्या आहेत. मग पोर्टलला हे का कळू नये?

कारण असे, की यंत्र गुणपत्रिका वाचत नाही. ते फक्त स्वतःच्या नोंदवहीत त्या विद्यापीठाचा अमुक क्रमांकाचा विषय उत्तीर्ण झाल्याची नोंद आहे का, एवढेच तपासते. परदेशी पदवी प्रवेशासाठी मान्य होते. परंतु तिच्यातील एकेका विषयाला तिथला समतुल्य क्रमांक देण्याचे काम पदव्युत्तर प्रवेशात सहसा कोणी करत नाही. म्हणजे प्रवेश समितीने पाहिलेली गुणपत्रिका नोंदणीच्या यंत्रापर्यंत पोहोचलेलीच नसते. यावर उपाय म्हणजे विभागाने त्या विद्यार्थिनीपुरती अट शिथिल केल्याची नोंद प्रणालीत करणे. तिला तेथे ‘ओव्हरराइड’ किंवा ‘परमिट’ म्हणतात. ती नोंद बहुतेक ठिकाणी विषय शिकवणाऱ्या विभागाच्या संमतीने होते. तेव्हा पत्र जायला हवे ते सांख्यिकी विभागाच्या पदव्युत्तर कार्यालयाला आणि त्यात ‘पोर्टल दुरुस्त करा’ असे नव्हे, तर ‘ही अट शिथिल करता येईल का’ असे विचारायला हवे.

आता स्क्रीनशॉटविषयी. मोबाइलने पडद्याचा फोटो काढू नये. तिरपा, चकाकणारा फोटो वाचता येत नाही. विंडोजमध्ये `Windows + Shift + S`, मॅकवर `Shift + Command + 4` या कळा दाबून स्वच्छ चित्र मिळते. ते पान ताजे करण्यापूर्वी घ्यावे, कारण पुन्हा लोड केल्यावर संदेश नाहीसा होतो. चित्रात सत्राचे नाव, विषय, सीआरएन आणि संदेशाची पूर्ण ओळ दिसली पाहिजे. जन्मतारीख, पारपत्र क्रमांक, शेजारच्या टॅबमधले बँकेचे पान यांचे तेथे काही काम नाही. ते कापून टाकावे. आणि सर्वांत महत्त्वाचे म्हणजे चित्रातील संदेश पत्रात अक्षरशः टंकून द्यावा. कार्यालयातील कर्मचारी जुन्या पत्रांत शोध घेताना शब्द शोधतो, आणि चित्रातले शब्द त्या शोधात हमखास सापडतील याचा भरवसा नसतो. कित्येकदा पत्र एका कक्षातून दुसऱ्या कक्षात जाताना जोडपत्र गळून पडते. चित्र हा पुरावा. निवेदन शब्दांतच हवे.

वेळेचाही घोळ होतो. समजा विद्यार्थिनीने पुण्यात १५ ऑगस्ट २०२५ रोजी सकाळी ८ वाजून १० मिनिटांनी प्रयत्न केला. अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्यावर तेव्हा १४ ऑगस्टचे रात्रीचे १० वाजून ४० मिनिटे झालेली असतात. चित्राच्या कोपऱ्यातले घड्याळ मात्र पुण्याची वेळ दाखवते. शिवाय तिकडे महिना आधी लिहितात. आपण ८/९ म्हणजे आठ सप्टेंबर समजतो, ते नऊ ऑगस्ट समजतात. म्हणून महिन्याचे नाव अक्षरांत लिहावे आणि वेळ तिकडची द्यावी.

पत्राचा विषय पुढीलप्रमाणे टंकावा:

```
Prerequisite error: STAT 520, CRN 41873, Fall 2025
```

मजकूर अर्थातच इंग्रजीत जाईल. मराठीत मांडल्यास त्याचा आशय असा असेल:

‘नमस्कार. मी सांख्यिकी विभागात या सत्रापासून प्रवेश घेतलेली पदव्युत्तर विद्यार्थिनी आहे. माझा विद्यार्थी क्रमांक खाली दिला आहे. १४ ऑगस्ट रोजी पूर्व किनाऱ्याच्या वेळेनुसार रात्री १०.४० वाजता वरील विषयाची नोंदणी करताना Prerequisite and Test Score error हा संदेश आला. त्याचा स्क्रीनशॉट सोबत जोडला आहे. दुसऱ्या ब्राउझरमध्येही तोच संदेश येतो. संभाव्यताशास्त्र आणि रेषीय बीजगणित हे विषय मी पदवीच्या अभ्यासक्रमात पूर्ण केले आहेत. गुणपत्रिकेच्या प्रतीत ते खूण करून दाखवले आहेत. या आधारावर मला अट शिथिल करून मिळू शकेल का? विषय वाढवण्याची मुदत २९ ऑगस्ट आहे आणि पूर्णवेळ नोंदणीसाठी मला हे ३ श्रेयांक आवश्यक आहेत. हा निर्णय दुसऱ्या कार्यालयाकडे असल्यास कृपया तसे कळवावे. आपल्या साहाय्याबद्दल आभारी आहे.’

एवढे पुरे. आपल्याकडच्या कार्यालयीन इंग्रजीतील ‘काइंडली डू द नीडफुल’ हा वाक्प्रयोग तिकडच्या कर्मचाऱ्याला बुचकळ्यात टाकतो, कारण नेमके काय करायचे ते त्यात सांगितलेलेच नसते. ‘रिस्पेक्टेड सर’ने सुरुवात करण्याचीही गरज नाही, वाचणारी व्यक्ती पुष्कळदा स्त्री असते. नम्रता तेथे विशेषणांत नसून दुसऱ्याचा वेळ वाचवण्यात आहे, असे म्हटले तरी चालेल. विषयात ‘अर्जंट’ लिहिण्यापेक्षा मुदतीची तारीख लिहिणे अधिक परिणामकारक ठरते.

पत्र विद्यापीठाने दिलेल्या ई-मेल खात्यावरूनच जावे. विद्यार्थ्यांच्या नोंदींची गोपनीयता जपणारा ‘फर्पा’ हा कायदा अमेरिकेत १९७४ पासून आहे. त्यानुसार महाविद्यालयीन पातळीवर नोंदींचा हक्क विद्यार्थ्याचा, पालकांचा नव्हे. म्हणून खासगी खात्यावरून आलेल्या पत्राला कार्यालय मोघम उत्तर देते आणि वडिलांनी सांगलीहून पाठवलेल्या पत्राला तपशील देण्याचे टाळते. यात उद्धटपणा नसतो.

तीन कामकाजाच्या दिवसांत उत्तर आले नाही, तर त्याच पत्राला जोडून स्मरणपत्र द्यावे. नवे पत्र म्हणजे अनेक ठिकाणी नवा तक्रार क्रमांक आणि रांगेत पुन्हा शेवटी उभे राहणे. चार कार्यालयांना एकच पत्र पाठवले, तर प्रत्येकाला वाटते दुसरा पाहील. मुदत दोन-तीन दिवसांवर आली, तर मात्र आंतरराष्ट्रीय विद्यार्थी कार्यालयाला कल्पना द्यावी. व्हिसाच्या अटीसंबंधी पर्याय तेच सांगू शकतात.

शेवटचा खड्डा मात्र उत्तर आल्यानंतरचा आहे. ‘आपल्याला परमिट दिले आहे’ असे पत्र आले, की अनेक जण निर्धास्त होतात. परमिट म्हणजे नोंदणी नव्हे. दार उघडले, आत जायचे बाकी आहे. विद्यार्थिनीने पुन्हा पोर्टलवर जाऊन `41873` हा क्रमांक टाकायचा आणि मागणी सादर करायची असते. मधल्या काळात वर्ग भरला असेल, तर आता `Closed Section` दिसेल. अट शिथिल करणारे परमिट जागेची हमी देत नाही. तसे झाल्यास प्रतीक्षायादीत नाव घालून त्याच पत्रव्यवहारात विभागाला कळवावे, आणि ९ श्रेयांक भरून काढणारा दुसरा विषयही तोवर हाताशी ठेवावा. विषयापुढे `Registered` असे दिसले, की त्या पानाचा एक स्क्रीनशॉट स्वतःजवळ ठेवून कार्यालयाला दोन ओळींचे आभारपत्र धाडावे. म्हणजे त्यांनाही तक्रार बंद करता येते.