बारा रुपये जास्त, तरी अकरा रुपये स्वस्त

समजा, पुण्याच्या एका कारखान्याला कोल्हापूरहून कास्टिंग घ्यायचे आहे. एकाचा दर २०० रुपये, दुसऱ्याचा २१२. खरेदीप्रमुखांचा कल साहजिकच पहिल्याकडे. पण कॉस्टिंग मॅनेजरचा मेमो वेगळे सांगतो.

कास्टिंगच्या पोटातली हवेची पोकळी वरून दिसत नाही. मशिनिंगवर १०० रुपये खर्चल्यावरच उघडी पडते. पहिल्याचे शंभरात ८ नग असे बाद होतात, दुसऱ्याचा एकच.

म्हणजे पहिल्याकडे ३०,००० रुपयांत ९२ चांगले नग, नगाला ३२६ रुपये. दुसऱ्याकडे ३१,२०० रुपयांत ९९, नगाला ३१५. भंगाराचे पैसे यात धरलेले नाहीत.

मात्र बाद कास्टिंगची पूर्ण किंमत दोघेही परत देत असतील, तर पहिलाच स्वस्त पडतो. म्हणून ऑर्डरीआधी परताव्याची अट तपासावी.