न दिसणाऱ्या डाखाची तपासणी

जुना रेडिओ उघडून पाहिलात तर डाख दिलेला प्रत्येक सांधा डोळ्यांना दिसतो. आजच्या संगणकाच्या पट्टीवर मात्र चिपला बाजूने पाय नसतात. तिच्या पोटाखाली डाखाचे शेकडो बारीक मणी असतात, दोन मण्यांमधले अंतर जेमतेम ०.८ मिलिमीटर. एखादा मणी चिकटलाच नाही किंवा दोन मणी वितळून एक झाले, तर कळावे कसे? मीटरची सुई तिथे पोचत नाही.

यावर १९९० साली प्रमाणित झालेली युक्ती अशी : चिपच्या आत, प्रत्येक संदेशवाहक पायापाशी एक छोटी कोठी ठेवायची. या सगळ्या कोठ्या माळेसारख्या जोडलेल्या असतात. विटा हातोहात पुढे देणारी माणसांची रांग आठवा. टीसीके या तारेवर ठोका पडला की प्रत्येक कोठीतला ० किंवा १ शेजारच्या कोठीत सरकतो. टीडीआय तारेने अंक आत जातात, टीडीओने बाहेर येतात. टीएमएस ही चौथी तार आता सरकायचे की थांबायचे हे सांगते. ‘एक्स्टेस्ट’ ही आज्ञा दिली की चिपचे नेहमीचे काम बाजूला पडते आणि पायांवर कोठ्यांचे राज्य येते.

समजा, दोन चिपांमध्ये क, ख, ग, घ अशा चार वाटा आहेत. त्यांना ००१, ०१०, ०११, १०० अशी नावे देऊ. पहिल्या चिपने तीन फेऱ्यांत एकेक अंक पाठवायचा आणि दुसऱ्या चिपने काय आले ते टिपायचे. समजा हाती आले : क ०११, ख ०११, ग ०११, घ १११.

क आणि ख एकमेकांना चिकटले, हे उघड आहे. या पट्टीवर चिकटलेल्या वाटांत १ चा जोर चालतो, म्हणून ००१ आणि ०१० मिळून ०११ झाले. पण ग चे काय? तो निर्दोष आहे की त्याच घोळात अडकला आहे? इथे नुसते अंक मोजणारा फसतो. म्हणून तीच नावे उलटी करून पुन्हा पाठवायची : ११०, १०१, १००, ०११. आता क आणि ख वर १११ येते, ग वर मात्र त्याचे स्वतःचे १००. ग सुटला! घ वर अजूनही १११ च येते. पाठवलेले काहीही असो, उत्तर एकच. म्हणजे वाट तुटली आहे आणि दुसऱ्या चिपचा मोकळा पाय तिच्या आतल्या रोधामुळे १ दाखवतो आहे.

ती कोणत्या टोकाला तुटली, हे या उत्तरावरून कळत नाही. त्यासाठी क्ष-किरणांचे चित्र घ्यावे लागते. वीजपुरवठ्याच्या पायांपाशी अशा कोठ्या नसतात, तेव्हा तेथील दोष सुटून जातो. आणि जेमतेम टेकलेला मणी या संथ परीक्षेत पास होतो, पट्टी तापल्यावर नापास.