अंतर एका मुठीचं

शाळेत कराटे शिकवताना मी मुलांच्या जोड्या लावतो. दोघं वाकून 'रेई' म्हणजे नमस्कार करतात. निम्मा दंगा तिथंच थांबतो. मग ठोसा मारणारा हात पूर्ण सरळ करून अंतर मोजतो. मूठ आणि जोडीदाराची छाती यांत एका मुठीची जागा हवी. पाऊल पुढं टाकायचं नाही, नाहीतर ती जागा संपते. अडवणाऱ्यानंही मनगटावर हात आपटायचा नाही.

पण लागू नये म्हणून मुलं ठोसा खांद्याबाहेर मारतात. समोरचा हवाच अडवतो आणि जमलं असं समजतो. म्हणून मी मध्येच सांगतो, "आता अडवू नकोस, नुसता उभा राहा." मूठ छातीच्या मध्यासमोर थांबली, तर ठोसा खरा. बाजूला गेली, तर पुन्हा अंतर मोजायचं आणि सावकाश मारायचं.