पस्तीस बाय पंचेचाळीस

सांगलीत वडिलांचा स्टुडिओ होता. 1980 च्या दशकात आमच्याकडे पासपोर्ट फोटो म्हणजे डार्करूमचं काम. निगेटिव्ह एन्लार्जरमध्ये लावायची, खाली ठेवलेल्या पांढऱ्या कागदावर 35 बाय 45 मिलिमीटरची चौकट आखलेली असायची, आणि चेहरा त्या चौकटीत नीट बसेपर्यंत वडील एन्लार्जरचं डोकं वरखाली करत. वर नेलं की चेहरा मोठा, खाली आणलं की लहान. पण रुंदी आणि उंची नेहमी एकाच मापाने वाढायची. चेहरा नुसता रुंद किंवा नुसता लांब करण्याची सोयच त्या यंत्रात नव्हती. त्या मर्यादेचं मोल मला फार उशिरा कळलं.

पुढे पासपोर्ट यंत्राने वाचले जाऊ लागले आणि मापाची शिस्त चौकटीवरून चेहऱ्यावर आली. आंतरराष्ट्रीय नागरी विमान वाहतूक संघटनेच्या नियमानुसार हनुवटीपासून डोक्याच्या माथ्यापर्यंतचं अंतर फोटोच्या उंचीच्या 70 ते 80 टक्के हवं. 45 मिलिमीटरच्या फोटोत हे साधारण 32 ते 36 मिलिमीटर भरतं. आता पासपोर्ट सेवा केंद्रात मोठ्यांचा फोटो तिथेच काढतात, त्यामुळे ते गिऱ्हाईक कमी झालं. पण परीक्षांचे ऑनलाइन अर्ज सुरू झाले आणि फोटो मिलिमीटरऐवजी पिक्सेलमध्ये आणि केबीमध्ये मागितला जाऊ लागला. खरी गडबड इथून सुरू झाली.

काही वर्षांपूर्वी बँकेच्या परीक्षेचा अर्ज भरणारी एक मुलगी आली. "काका, फोटोत माझं तोंड सुजल्यासारखं का दिसतंय?" अर्जाला 200 बाय 230 पिक्सेलचा फोटो हवा होता. तिच्याकडे आमचाच 413 बाय 531 चा होता, म्हणजे इंचाला 300 पिक्सेल या हिशेबाने 35 बाय 45 मिलिमीटर. तिने मोबाइलवर तो न कापता थेट 200 बाय 230 करून टाकला होता. पहिल्या चौकटीचं प्रमाण 7:9, दुसरीचं 20:23. दुसरी चौकट उंचीच्या मानाने जास्त रुंद, म्हणून चेहरा जवळपास बारा टक्के आडवा ताणला गेला. एन्लार्जरला जे कधी जमलं नसतं ते मोबाइलने निमूटपणे केलं. असा ताण ओळखायचा असेल तर मूळ फोटो शेजारी ठेवून डोळ्यांमधलं अंतर आणि नाकाची लांबी ताडून पाहावी.

तिचा फोटो उंचीत कापूनही प्रमाण जुळलं असतं. पण मग डोकं चौकटीच्या 84 टक्क्यांपर्यंत जाऊन गळा तोकडा दिसला असता. म्हणून मी कॅमेऱ्यातला मूळ फोटो उघडला. तो 3000 बाय 4000 पिक्सेलचा होता आणि माथ्यापासून हनुवटीपर्यंत 1350 पिक्सेल भरत होते. डोकं 75 टक्के हवं, तर चौकटीची उंची 1800. माथ्यावर 160 पिक्सेल मोकळे सोडले, हनुवटीखाली 290 उरले. पासपोर्टसाठी या उंचीला 1400 रुंदी लागते, तिच्या अर्जासाठी 1565 लागली. नाकाची रेघ मध्यावर धरून दोन्ही बाजूंना सारखी रुंदी घेतली, कापलं, आणि त्यानंतरच 200 बाय 230 वर आणलं. आधी प्रमाणात कापायचं, मग लहान करायचं, आणि केबी सगळ्यात शेवटी जेपीजीची गुणवत्ता कमी करून बसवायचे. हा क्रम उलटला की चेहरा ताणला जातो किंवा कपडे आणि पार्श्वभूमी यांच्या कडेला ठिपके दिसू लागतात.

मुलांकडे अमेरिकेला निघालेले आईवडील येतात तेव्हा हाच हिशेब वेगळा वळतो. त्या व्हिसाला दोन इंचांचा चौरस लागतो आणि डोकं त्यात 25 ते 35 मिलिमीटरच हवं. आमच्या नेहमीच्या पासपोर्ट फोटोतून हा चौरस निघतच नाही. 35 मिलिमीटर रुंदीचा चौरस घेतला तर 34 मिलिमीटरचं डोकं तो पुरता भरून टाकतं. कॅमेऱ्यातल्या मूळ फोटोत मात्र त्या मुलीसारखंच 1350 पिक्सेलचं डोकं 60 टक्के धरलं तर 2250 पिक्सेलचा चौरस बसतो, कारण खांद्यांच्या बाजूला पांढरी भिंत भरपूर आलेली असते. वडील कॅमेरा थोडा मागे ठेवून दोन्ही बाजूंना पडदा मोकळा येऊ देत. त्यांची ही सवय मी सोडलेली नाही.

छपाईचं काम त्या मानाने सोपं आहे. 4 बाय 6 इंचांच्या मॅक्सीवर आडव्या ओळीत चार, अशा दोन ओळी, आठ फोटो बसतात आणि कात्रीला मध्ये जागाही उरते.

आता गिऱ्हाइकाला मी आठ प्रिंटबरोबर न कापलेला मूळ फोटोही देतो. व्हॉट्सॲपवर फोटो म्हणून पाठवला तर तो लहान होतो, म्हणून डॉक्युमेंट म्हणून पाठवतो. ती मुलगी पुढच्या वर्षी दुसऱ्या अर्जासाठी परत आली, तेव्हा मूळ फाइल तिच्या मोबाइलमध्ये होती. आम्ही फक्त नवी चौकट आखली.