आजीचे नाव राहून गेले

घरातला कर्ता माणूस गेला की तेराव्यानंतर कोणीतरी विषय काढतो, सातबाऱ्यावर नाव लावायला हवे. मग धाकटा मुलगा चावडीवर जातो, तलाठी विचारतो, "वारस कोण कोण?" आणि तो आईचे आणि स्वतःचे नाव सांगून मोकळा होतो. वारस नोंदीतले बहुतेक घोळ इथेच सुरू होतात.

एक उदाहरण घेऊ. एका शेतकऱ्याने स्वतःच्या कमाईतून 2 हेक्टर जमीन घेतली आणि मृत्युपत्र न करता तो वारला. मागे पत्नी, धाकटा मुलगा आणि लग्न झालेली मुलगी. थोरला मुलगा आधीच गेलेला, त्याची पत्नी आणि 9 वर्षांची मुलगी आहे. शिवाय शेतकऱ्याची 85 वर्षांची आई हयात आहे. हिंदू वारसा कायद्याप्रमाणे पत्नी, आई, मुलगा, मुलगी आणि मेलेल्या मुलाची शाखा अशा पाच जणांना सारखा वाटा, म्हणजे प्रत्येकी 40 आर. थोरल्याच्या शाखेचे 40 आर त्याच्या पत्नीला आणि मुलीला निम्मे निम्मे. म्हणजे अर्जात सहा नावे हवीत. मुलगी सासरी गेली म्हणून तिला वगळले जाते हे सर्वांना ठाऊक आहे, पण आजी तर त्याच घरात, त्याच ओसरीवर बसलेली असते आणि तरी कोणाला आठवत नाही. (जमीन वडिलोपार्जित असेल तर वाट्यांचा हिशेब वेगळा होतो.)

हक्क मिळाल्यापासून तीन महिन्यांत तलाठ्याला, म्हणजे आताच्या ग्राम महसूल अधिकाऱ्याला, कळवायचे असते. अर्ज चावडीवर किंवा ई-हक्क प्रणालीतून ऑनलाइन करता येतो. सोबत मृत्यूचा दाखला, चालू सातबारा आणि 8अ चा उतारा, सर्व वारसांची नावे, वय, पत्ता आणि मृताशी नाते सांगणारे शपथपत्र किंवा स्वयंघोषणापत्र, आणि वारसांचे आधार व रेशन कार्ड जोडायचे. वंशावळ लिहून दिली तर चौकशी सोपी जाते. आमच्या उदाहरणात आणखी दोन कागद लागतील, थोरल्या मुलाच्या मृत्यूचा दाखला आणि नातीचा जन्मदाखला. लोक एकाच मृत्यूचा दाखला घेऊन जातात आणि प्रकरण तिथेच अडते. मृत्यूची नोंद केलेलीच नसेल आणि वर्ष उलटून गेले असेल, तर दाखल्यासाठी आधी दंडाधिकाऱ्याचा आदेश आणावा लागतो.

अर्ज आला की नोंद थेट सातबाऱ्यावर जात नाही. आधी ती वारस नोंदवहीत, म्हणजे गाव नमुना 6क मध्ये, घेतली जाते. वारस कोण याची स्थानिक चौकशी होते आणि मंडळ अधिकारी तिथे निर्णय देतो. मग फेरफार नोंदवहीत नोंद पडते, हितसंबंधितांना नोटीस निघते, हरकतीसाठी 15 दिवस मिळतात. हरकत आली नाही तर मंडळ अधिकारी फेरफार प्रमाणित करतो आणि सातबाऱ्यावर नावे चढतात. नात अज्ञान असल्यामुळे तिच्या नावापुढे पालनकर्ती म्हणून आईचे नाव येते. फेरफाराचा क्रमांक जपून ठेवावा, कारण पुढे कोणाचे नाव कसे आले किंवा गळले हे शोधायचे तर तोच धागा असतो.

"बहिणीला हिस्सा नको आहे, तिची सही घेतो," असे भाऊ सांगतो, आणि साध्या स्टँप पेपरवर मजकूर लिहून आणतो. तो चालत नाही. वारस म्हणून तिचे नाव आधी आलेच पाहिजे, आणि हक्क सोडायचा असेल तर दुय्यम निबंधकाकडे हक्कसोड पत्र नोंदवावे लागते. आजीलाही हाच नियम. नाव गळून फेरफार प्रमाणित झालाच, तर 60 दिवसांत उपविभागीय अधिकाऱ्याकडे अपील करता येते. उशीर झाला तर त्याचे कारण पटवून द्यावे लागते, आणि ते किचकट होते. आणि इतके सगळे झाले तरी नाव चढणे म्हणजे मालकीचा निवाडा नव्हे. सातबारा महसुलाची नोंद आहे, वाद पेटलाच तर तो दिवाणी न्यायालयात सुटतो.

नोंद झाली तरी 2 हेक्टरांचा सातबारा सामाईकच राहतो. वेगळे वाटे पाडायचे तर वाटपासाठी स्वतंत्र अर्ज करावा लागतो. तो कंटाळून पुढे ढकलला आणि मधल्या काळात आजी गेल्या, तर त्यांच्या 40 आरसाठी पुन्हा मृत्यूचा दाखला आणि पुन्हा शपथपत्र. त्या वेळी वारसांच्या यादीत आजींची बाकीची मुले-मुली, म्हणजे या घराचे चुलते आणि आत्या, सुद्धा असतील.